'सोमवारपर्यंत ठेवतो' म्हटलेला बंब

"ताई, मी लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. करार कायद्याच्या स्लाइड्स मिळाल्यात: प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल. व्याख्या पाठ आहेत, पण घरात भांडण उभं राहिलं तर एकही लावता येईना. महाद्वार रोडला काकांचं भांड्यांचं दुकान आहे. काचेमागे जुना तांब्याचा बंब होता, ९,००० ची चिठ्ठी लावून. शनिवारी एकजण आठ हजाराला मागत होता. काका म्हणाले, 'साडेआठच्या खाली परवडत नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो.' तो 'विचार करून सांगतो' म्हणाला, वहीत नंबर लिहून गेला. रविवारी दुसऱ्यानं रोख नऊ हजार दिले, काकांनी बंब देऊन टाकला. सोमवारी अकराला पहिला आला, साडेआठ हजार गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाला, 'घेतला, काढा बंब.' मग काकांनी विकल्याचं सांगितलं. आता तो म्हणतो, शब्द मोडलात, मी रविवारी न्हाणीत बंबासाठी ओटा बांधून घेतला त्याचेही अठराशे द्या, नाहीतर नोटीस. काका म्हणतात, पैसे घेतले नव्हते, सही नव्हती, कसला करार? कोणाचं बरोबर?"
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

काकांना पहिल्यांदा एवढं सांग की सहीचा मुद्दा डोक्यातून काढून टाका. मालाच्या विक्रीचा करार तोंडी होतो. मालविक्री कायदा, १९३० च्या पाचव्या कलमात ते स्पष्ट आहे. महाद्वार रोडवर सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत होणारे सौदे बहुतेक तसेच असतात. सही नसली की पंचाईत होते ती पुराव्याची, आणि तुमच्या भांडणात कोण काय बोललं यावर दोघांचं एकमत आहे. पैसे घेतले नव्हते हा मुद्दा मात्र कामाचा आहे. फक्त काका तो चुकीच्या ठिकाणी लावतायत.

तुझी अडचण व्याख्यांची नाही. स्लाइडवर प्रस्ताव, स्वीकृती आणि प्रतिफल एकाखाली एक लिहिलेले असतात. त्यामुळे वाटतं की भांडणावर एकेक लावून बघायचा आणि तिन्ही सापडले की झाला करार. पण शनिवारी काका दोन वाक्यं बोलले आणि त्यांत दोन वेगळी वचनं होती. एक बंब साडेआठ हजाराला विकण्याचं, दुसरं तो सोमवारपर्यंत दुसऱ्या कुणाला न देण्याचं. गिऱ्हाईक आणि काका दोघंही या दोहोंची गल्लत करून भांडतायत. तू आधी ती सुटी कर, मग तिन्ही स्लाइड्स प्रत्येक वचनाला स्वतंत्रपणे लाव.

सुरुवात चिठ्ठीपासून. ९,००० ची चिठ्ठी म्हणजे काकांचा प्रस्ताव नाही. प्रस्ताव म्हणजे समोरच्याची संमती मिळावी म्हणून आपली तयारी दाखवणं, आणि ती अशी की त्यानं 'हो' म्हटलं की आपण अडकलो. चिठ्ठी वाचून रस्त्यावरच्या तिघांनी एकाच वेळी आत येऊन 'घेतला' म्हटलं असतं तर एक बंब तिघांना विकल्याचं पाप काकांच्या माथी आलं असतं. म्हणून काचेमागची किंमत हे प्रस्तावाचं निमंत्रण धरतात: या, बोला. इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका दुकानदारानं बटण दाबलं की उघडणारा चाकू किंमत लावून काचेत ठेवला होता आणि असा चाकू विक्रीसाठी देऊ करणं हा गुन्हा होता. फिशर विरुद्ध बेल या खटल्यात (१९६१) कोर्टानं सांगितलं की करार कायद्याच्या भाषेत मांडून ठेवणं म्हणजे देऊ करणं नव्हे. त्यामुळे पहिला प्रस्ताव आला तो गिऱ्हाइकाकडून: आठ हजाराला द्या. काकांनी तो नाकारला, तिथेच तो संपला. सोमवारी त्यानं आठ हजार पुढे केले असते तर ती स्वीकृती ठरली नसती, फार तर नवा प्रस्ताव ठरला असता.

आता काकांचं पहिलं वाक्य नीट ऐक. 'साडेआठच्या खाली परवडत नाही.' यात 'साडेआठला देतो' असं कुठे आहे? काकांच्या वकिलाला धरायला चांगला धागा इथेच आहे, आणि परीक्षेत हा धागा न दिसलेल्या मुलांचे गुण जातात. हार्वे विरुद्ध फेसी (१८९३) हा खटला जमैकातल्या बंपर हॉल पेन नावाच्या मालमत्तेचा. खरीदणाऱ्यानं तारेनं विचारलं, विकणार का आणि कमीत कमी किंमत काय ते कळवा. उत्तर आलं ते फक्त किमतीचं, नऊशे पौंड. खरीदणाऱ्यानं लगेच तार केली, नऊशेला घेतली. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, करार झालाच नाही. किंमत सांगितली म्हणजे विकायची तयारी दाखवली असं होत नाही.

काका पहिल्या वाक्यावर थांबले असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण ते पुढे बोलले, 'सोमवारी संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो.' कशासाठी ठेवतो? बघायला नाही. साडेआठ हजार आणलेत तर देण्यासाठी. दुकानात उभ्या असलेल्या कुणाही शहाण्या माणसाला ही दोन वाक्यं एकत्र ऐकून हाच अर्थ लागला असता, आणि कोर्टही तोच लावेल असं माझं मत आहे. म्हणजे शनिवारी विक्रीचा प्रस्ताव उभा राहिला: हा बंब, साडेआठ हजार, सोमवार संध्याकाळपर्यंत. गिऱ्हाइकाचं 'विचार करून सांगतो' ही स्वीकृती नव्हती आणि नकारही नव्हता, म्हणून प्रस्ताव तसाच जिवंत राहिला.

मग 'ठेवतो' या दुसऱ्या वचनाचं काय? तुझी प्रतिफलाची स्लाइड इथे उघड. बहुतेक मुलं ती वस्तूच्या किमतीवर लावतात आणि पुढे जातात. किमतीबद्दल इथे वादच नाही. साडेआठ हजाराबदल्यात बंब, दोन्हीकडून प्रतिफल आहे. खरा प्रश्न हा की बंब दोन दिवस राखून ठेवण्याच्या बदल्यात काकांना काय मिळालं?

काहीच नाही. त्यांनी आपल्या चांगुलपणानं शब्द दिला, आणि प्रतिफलाशिवायचा ठराव करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे रद्दबातल असतो. त्याला अपवाद आहेत. जवळच्या नात्यातलं, प्रेमापोटी लिहून नोंदवलेलं वचन हा एक, मुदत टळलेलं कर्ज फेडण्याचं सही केलेलं लेखी वचन हा दुसरा. पण महाद्वार रोडवरचं गिऱ्हाईक त्यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून रविवारी दुसऱ्याला बंब विकला एवढ्यावरून करार मोडला असं होत नाही. गिऱ्हाईक 'शब्द मोडलात' म्हणतो. माणूस म्हणून त्याचं बरोबर आहे, मलाही त्या जागी तसंच वाटलं असतं. पण या शब्दाच्या मागे कायदा उभा राहत नाही.

शनिवारी त्यानं दोनशे रुपये इसार ठेवला असता तर सगळं फिरलं असतं. साडेआठ हजाराच्या वस्तूला दोनशे म्हणजे काहीच नाही, पण प्रतिफल पुरेसं आहे की नाही हे कायदा मोजत बसत नाही. ते खरं असावं आणि वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दिलेलं असावं, एवढंच बघतो. 'राखून ठेवायचा तर दोनशे ठेवा' असं काका म्हणाले आणि त्यानं ठेवले, की 'ठेवतो' हाच एक स्वतंत्र करार. मग रविवारी नऊ हजार मोजून घेतले त्याच क्षणी काकांनी करार मोडला असता, सोमवार उजाडायची गरजच नव्हती. काका पैशाचा मुद्दा काढतात तो या जागी खरा आहे.

गिऱ्हाइकाचं म्हणणं, ओटा बांधला तेच माझं प्रतिफल. स्लाइडवर कलम २(घ) ची व्याख्या आहे ना, त्यातल्या 'वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून' या तीन शब्दांखाली रेघ मार. अलाहाबाद हायकोर्टाचा १८८० चा दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव हा निकाल दुकानांचाच आहे. एकानं कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वतःच्या खर्चानं बाजार बांधला. तिथे दुकानं थाटलेल्या व्यापाऱ्यांनी नंतर त्याला विक्रीवर कमिशन द्यायचं कबूल केलं आणि दिलं नाही. कोर्टानं दावा फेटाळला, कारण बाजार बांधला तो कलेक्टरच्या इच्छेवरून, वचन देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नाही. तुझ्या काकांनी 'ओटा बांधून घ्या, मग ठेवतो' असं म्हटलं नव्हतं. गवंडी त्यानं आपण होऊन लावला. खर्च खरा, तरी काकांच्या वचनाचं ते प्रतिफल नाही.

एवढं वाचून काका सुटले असं वाटेल, आणि मला भीती आहे ती याचीच. मुलं इथे पेन खाली ठेवतात. 'ठेवतो' हे वचन बंधनकारक नव्हतं याचा अर्थ एवढाच, की काकांना सोमवारच्या आधी केव्हाही प्रस्ताव मागे घेण्याची मुभा होती. मुभा असणं वेगळं आणि घेणं वेगळं. काकांनी तो मागे घेतला का?

करार कायद्याचं पाचवं कलम म्हणतं, स्वीकृती पुरी होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. सहावं कलम सांगतं कसा: प्रस्ताव करणाऱ्यानं समोरच्याला तसं कळवून. चौथ्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. प्रस्ताव मागे घेतल्याचं समोरच्याच्या बाबतीत पुरं होतं ते त्याला ते कळतं तेव्हा. रविवारी काकांनी मनात ठरवलं, बंब विकला, पावती फाडली, आणि यातलं काहीही पहिल्या गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं नाही. त्याच्यापुरता प्रस्ताव सोमवारी अकरा वाजता जिवंतच होता. त्यानं पैसे गल्ल्यावर ठेवून 'घेतला, काढा बंब' म्हटलं, त्याक्षणी विनाअट स्वीकृती झाली आणि करार उभा राहिला. काकांनी विकल्याचं सांगितलं ते त्यानंतर. तोवर मागे घ्यायला प्रस्तावच उरला नव्हता.

पुस्तकात तुला याच्याशी मिळताजुळता इंग्रजी खटला मिळेल, डिकिन्सन विरुद्ध डॉड्स (१८७६). तिथे डॉड्सनं घरं आठशे पौंडाला देऊ केली आणि शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत मुदत दिली. गुरुवारी त्यानं ती दुसऱ्याला विकली. डिकिन्सननं मुदतीत स्वीकृती कळवली, तरी तो हरला. ते उदाहरण तसंच्या तसं काकांना लावू नकोस. डिकिन्सनला स्वीकृतीआधीच तिसऱ्या माणसाकडून विक्रीचा सुगावा लागला होता, आणि निकाल त्यावर टेकलेला आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला काहीच माहीत नव्हतं. शिवाय आपल्या सहाव्या कलमात प्रस्ताव करणाऱ्यानंच कळवायचं असं आहे, त्यामुळे बाजारातल्या बोलण्यावरून कळलं एवढं आपल्याकडे पुरतं का, हाही वादाचा मुद्दा होतो. उत्तरपत्रिकेत हा फरक दोन ओळींत लिहिलास तर तपासणाऱ्याला कळतं की मुलानं निकाल वाचलाय.

सगळ्यात वाईट याचं वाटतं की नंबर वहीत होता. नऊ हजारवाला समोर उभा असताना काकांनी एक फोन केला असता, 'साहेब, बंब दुसरीकडे देतोय, तुमच्यासाठी आता ठेवत नाही,' तर तो रागावला असता आणि विषय संपला असता. व्हॉट्सॲपवर नुसता मेसेज टाकून भागलं नसतं. त्यानं तो सोमवारी अकराच्या आत वाचला नसता तर कळवणं पुरं झालंच नसतं.

आता काकांनी द्यायचं काय? बंब परत आणायचा प्रश्न नाही. ठरावीक, तयार वस्तू असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल तर मालकी विक्रीचा करार होताच जाते, असं मालविक्री कायद्याचं विसावं कलम सांगतं. रविवारी दुसऱ्याशी सौदा झाला तेव्हा पहिल्याशी करारच झालेला नव्हता. त्यामुळे रविवारचा माणूस पक्का मालक आहे आणि त्याच्या दारात कुणी जायचं नाही. पहिल्याला मिळू शकते ती भरपाई, माल न दिल्याबद्दलची, त्याच कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाखाली. ती मोजायची रीत सरळ आहे: माल द्यायचा त्या दिवशीचा बाजारभाव वजा ठरलेली किंमत. तसाच बंब सोमवारी नऊ हजाराला मिळत असेल तर ९,००० वजा ८,५००, म्हणजे ५०० रुपये. आणि नऊ हजाराचा पुरावा गिऱ्हाइकाला शोधावा लागणार नाही, काकांच्याच रविवारच्या पावतीवर तो आकडा आहे. बाजारात तसाच बंब साडेआठलाच मिळतो हे काकांना दाखवता आलं तर भरपाई जवळजवळ शून्यावर येते.

ओट्याचे अठराशे इथेही बसत नाहीत. करार सोमवारी अकराला झाला, ओटा रविवारी बांधला. करार मोडल्यामुळे तो खर्च झालेला नाही. त्यानं तो सौदा होईल या भरवशावर केला होता. शिवाय ओटा वाया गेलेला नाही, दुसरा बंब आणला की त्याच ओट्यावर बसेल.

एक गोष्ट तू स्वतः दुकानात जाऊन विचारून ये. कामाचा पोऱ्या तिथे असेल तर त्यालाही विचार. सोमवारी त्या माणसाचे नेमके शब्द काय होते? जुन्या बंबाची तोटी बहुधा गळत असते. तो जर 'घेतला, पण तोटी नवी बसवून द्या' म्हणाला असेल, आणि नवी तोटी शनिवारी ठरलेली नसेल, तर करार कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे ती स्वीकृतीच नाही, तो उलटा प्रस्ताव आहे. मग काकांनी 'विकला' म्हटलं तिथे करार न होताच गोष्ट संपली, आणि पाचशेही देणं लागत नाही. एका तोटीवर निकाल फिरू शकतो, म्हणून शब्द जसेच्या तसे लिहून घे आणि काकांना सोयीचे होतील असे वळवू नकोस. पोऱ्या कोर्टात खरं तेच सांगेल.

तोटीचं काही निघालं नाही तर काकांनी नोटिशीची वाट बघू नये. मी त्यांच्या जागी असते तर आजच त्याला फोन केला असता. तसाच दुसरा बंब मिळवून साडेआठला द्यायची तयारी दाखवली असती, नाही जमलं तर पाचशे रुपये देऊन तसं लिहून घेतलं असतं. ओट्याच्या पैशाला मात्र स्पष्ट नाही म्हटलं असतं. नोटीस आलीच तर उत्तरात 'करारच नव्हता' असं ठोकून देण्याआधी माझ्याकडे किंवा तुमच्या नेहमीच्या वकिलांकडे घेऊन या. दावा लावायला त्याला करार मोडल्यापासून तीन वर्षं आहेत, त्यामुळे महिनाभर गप्प बसला म्हणजे विसरला असं धरू नका.

आणि काकांच्या वहीत, नंबर लिहितात त्या रकान्याशेजारी, 'इसार' असा आणखी एक रकाना आखून दे. ज्या दिवशी तो रिकामा असेल त्या दिवशी वस्तू दुसऱ्याला द्यायच्या आधी त्या नंबरवर फोन करायचा.